भावाभावांत किंवा वडिलांसोबत गाडी घेताय? आरसी, कर्ज आणि विम्यावर कोणाचं नाव हवं, ते आधी ठरवा

गावाकडं चारचाकी सहसा एकट्याच्या पैशातून येत नाही. वडील साठवलेले पैसे देतात, नोकरीवाला भाऊ हप्ता उचलतो आणि शेती बघणारा भाऊ गाडी चालवतो. शोरूममध्ये मात्र "गाडी कोणाच्या नावावर करायची?" असं विचारलं की घाईत, नाहीतर मानापोटी, एखादं नाव सांगितलं जातं. ते नाव चुकलं तर काय होतं ते अपघात झाल्यावर, वाटणी होताना किंवा घरातलं माणूस गेल्यावरच कळतं.

आरसीवर मालक एकच

सातबाऱ्यावर चार भावांची नावं लागतात, तशी आरसीवर लागत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे गाडी अनेकांच्या मालकीची असली तरी नोंदणीचा अर्ज सर्वांच्या वतीने एकानेच करायचा असतो. या कायद्यासाठी तो अर्जदारच मालक धरला जातो. दंड, कोर्टाची नोटीस, अपघातातली भरपाई, सगळं त्याच्याच नावावर येतं. "पैसे मी दिले नव्हते" किंवा "गाडी भाऊ चालवतो" हे सांगून उपयोग होत नाही. २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. गाडी विकून टाकली पण आरसीवर नाव तसंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो.

एक उदाहरण बघा

समजा गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख ५० हजार रुपये लागले. वडिलांनी १ लाख दिले, गावाकडच्या धाकट्याने दीड लाख दिले. उरलेले ६ लाख कर्ज पुण्यात नोकरीला असलेल्या थोरल्याच्या पगारावर घेतलं. १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १२,७५० रुपये येतो, म्हणजे पाच वर्षांत थोरला जवळपास ७ लाख ६५ हजार भरणार. गाडी मात्र मानाने वडिलांच्या नावावर केली. वडिलांकडे लायसन नाही आणि गाडी रोज धाकटा चालवतो.

आता धाकट्याचा रात्री स्वतःच्याच चुकीने पुलाच्या कठड्याला धडकून मृत्यू झाला, तर विम्यातून काय मिळेल? फुल विमा असेल तर गाडीचं नुकसान अटींप्रमाणे मिळेल. थर्ड पार्टी विमा बाहेरच्या माणसासाठी असतो. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो, म्हणून स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर त्याच्या वारसांना थर्ड पार्टीतून भरपाई मागता येत नाही.

राहिलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण. पॉलिसीत ते 'पीए कव्हर फॉर ओनर-ड्रायव्हर' असं लिहिलेलं असतं. ते मिळण्यासाठी अपघातातला माणूस आरसीवरचा मालक हवा, पॉलिसीतही त्याचंच नाव हवं आणि त्याच्याकडे चालू लायसन हवं. इथं मालक वडील आणि चालवणारा धाकटा, त्यामुळे घराला १५ लाखांतला एक रुपयाही मिळणार नाही. ज्याच्या नावाने ते कव्हर असतं, त्या वडिलांकडे लायसनच नाही.

मग नाव कोणाचं लावावं?

जो गाडी जास्त चालवतो आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्याचं नाव आरसीवर लावावं. तेच नाव विम्यावर आणि तेच कर्जात पहिलं कर्जदार म्हणून असावं. वरच्या उदाहरणात तो धाकटा. धाकट्याच्या उत्पन्नावर बँक तयार नसेल तर थोरल्याला सहकर्जदार करता येतं का ते विचारावं, म्हणजे त्याचा पगारही हिशेबात धरला जाऊ शकतो.

बँक थोरल्यालाच मालक करा म्हणाली, तर आरसी आणि विमा दोन्ही थोरल्याच्या नावे ठेवावेत. मग १५ लाखांचं कव्हरही फक्त थोरल्यालाच लागू होतं. धाकट्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी लागते. बँकेतून निघणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते आणि अपघाती मृत्यूला २ लाख देते. ती घ्यावीच, पण तेवढ्यावर भागवू नये.

सही केली की पूर्ण कर्ज अंगावर

सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाचा धनी नव्हे. एकाने हप्ते थांबवले तर बँक दुसऱ्याकडून सगळी बाकी मागू शकते. जामीनदाराचंही तसंच आहे. हप्ते थकले की दोघांचा सिबिल खराब होतो आणि उद्या थोरल्याला घरकर्ज मागताना ते आडवं येतं. उलट, कर्जावर सही असली म्हणून गाडीची मालकी मिळत नाही. हप्ते भरणाऱ्याचं नाव आरसीवर नसेल तर आरटीओच्या लेखी तो मालक नाही.

आपसातला करार कागदावर आणा

म्हणूनच प्रत्येकाचा वाटा स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करावा. कोणी किती रोख दिली, हप्ता कोण भरणार, विमा आणि टायरचा खर्च कोणाकडे, गाडी विकली तर पैसे कसे वाटायचे आणि एकाला वेगळं व्हायचं असेल तर दुसऱ्याने त्याला किती द्यायचे, एवढं त्यात असावं. या करारामुळे आरसीवरचा मालक बदलत नाही, पण उद्या भांडण झालं तर दिवाणी कोर्टात पुरावा होतो. पैसेही हातात न देता खात्यावरून द्यावेत.

मालक वारला किंवा नाव बदललं तर

आरसीवर नॉमिनीचं नाव टाकायची सोय २०२१ पासून आहे. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर नॉमिनी किंवा गाडीचा ताबा असलेला वारस तीन महिने गाडी वापरू शकतो. त्या तीन महिन्यांतच फॉर्म ३१ भरून नाव बदलावं लागतं. विमाही तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोपर्यंतच चालतो. नॉमिनीमुळे आरटीओतलं काम सोपं होतं, इतर वारसांचा हिस्सा त्यामुळे बुडत नाही.

हयातीत भावाच्या नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची संमती लागते. आरसी बदलली की १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्या. तो दिला नाही तर थर्ड पार्टी चालू राहतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे तो भावाकडे जात नाही आणि विम्याचा फरक भरावा लागतो. मालक वारल्यावर गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली, तर मात्र बोनस त्यांना मिळू शकतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी

नोंदणीचा अर्ज, कर्जाचं मंजुरीपत्र आणि विमा पॉलिसी शेजारी ठेवून बघा. मालकाचं नाव तिन्हीकडे आधार कार्डाप्रमाणे अक्षरशः सारखं हवं. पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचं कव्हर आहे का आणि त्याचा नॉमिनी कोण, हेही वाचा. नाव चुकलं असेल तर नोंदणी होण्याआधीच शोरूमकडून दुरुस्त करून घ्या. नंतर हेच काम आरटीओ, बँक आणि विमा कंपनी अशा तिन्ही ठिकाणी करावं लागतं. झालेली नोंद parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून बघता येते.