खर्चाचा सिग्नल तक्ता

अंदाजपत्रकातील प्रत्येक लेखाशीर्षाचा खर्च तरतुदीशी ताडून तो हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात समितीपुढे मांडणारी स्प्रेडशीट. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या नगरपरिषदेचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे सप्टेंबरअखेर सरलेले महिने ६ धरावे लागतात. `B2` मध्ये वार्षिक तरतूद, `C2` मध्ये एप्रिलपासूनचा खर्च आणि `F1` मध्ये सरलेले महिने असल्यास सूत्र असे :

```
=C2/(B2*$F$1/12)
```

समजा, दिवाबत्तीची तरतूद १२ लाख रुपये आहे आणि सप्टेंबरअखेर ७.५ लाख खर्च झाले. अपेक्षित खर्च ६ लाख, म्हणून उत्तर १.२५. समितीने १ पर्यंत हिरवा, १.१ पर्यंत पिवळा आणि पुढे लाल ठरवले असेल, तर हे शीर्ष लाल होते. रंग ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने आपोआप भरतात.

अधिक फसवा असतो तो हिरवा. वीजबिल येऊन पडले, पण चुकते झाले नाही, तर खर्च कमीच दिसतो. म्हणून देणे बाकी असलेली रक्कमही `C2` मध्ये मिळवावी. नालेसफाईचे उलट आहे. ती पावसाळ्यापूर्वीच उरकते, त्यामुळे बारा समान हप्त्यांच्या हिशेबाने जूनमध्ये विनाकारण लाल दिसते. अशा शीर्षाला महिनावार नियोजित खर्चाचा वेगळा स्तंभ लागतो.