दिनविशेष : भाद्रपद शुद्ध प्रतिपदा
नागपूरची मारबत

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. मुले लाकडी बैल सजवून निघतात आणि नागपूरच्या इतवारी भागात मारबतींची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून रंगवलेला बाईचा भव्य पुतळा. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. भोसले घराण्यातील बाकाबाई इंग्रजांना सामील झाल्या, असे लोक मानत. तो राग काळ्या मारबतीच्या रूपाने रस्त्यावर आला, असे सांगतात. पिवळीची मात्र लोक देवीसारखी पूजा करतात.

दोन्ही मारबती वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात आणि नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात. त्या क्षणासाठी आजूबाजूच्या गच्च्याही माणसांनी भरून जातात. रोगराई घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगितले जाते. सोबत बडगे असतात. हे पुरुषांचे पुतळे दरवर्षी नवा विषय घेतात : कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. गळ्यात अडकवलेल्या पाट्या वाचायला माणसे मुद्दाम थांबतात, आणि मला या उत्सवाचा हाच भाग सर्वांत जिवंत वाटतो. शेवटी वस्तीबाहेर नेऊन हे पुतळे जाळतात.

वाचा आणि उत्तरे द्या

1. मारबतीची मिरवणूक कोणत्या दिवशी निघते?
2. काळ्या मारबतीमागे कोणता राग होता, असे सांगतात?
3. मारबत आणि बडग्या यांत काय फरक आहे?
4. यंदा तुम्ही बडग्या केलात, तर त्याच्या पाटीवर काय लिहाल?