तुपात उतरलेली ब्राह्मी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्माराचा, म्हणजे आपण ज्याला फेपरे किंवा आकडी म्हणतो त्या रोगाचा. ब्राह्मीघृताचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला तिथूनच निघावे लागते. ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी यांनी सिद्ध केलेले जुने तूप, एवढाच तो पाठ. उन्माद आणि अपस्मार हे त्याचे काम. ‘जुने’ हा शब्द तिथे सहज आलेला नाही. दहा वर्षे ठेवलेल्या, उग्र वासाच्या तुपाला प्राचीन वैद्य मनोरोगांत मुद्दाम पसंती देत. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उन्मादप्रकरणात ब्राह्मीच्या रसात दुसरेच तूप शिजवले. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी आली, वावडिंग आले, आणि दंती व निशोत्तर ही चांगलीच रेचक द्रव्येही आली. ब्राह्मी तीच, तूप तेच, पण पोटात गेल्यावर दोन्ही औषधे एकसारखी वागणार नाहीत. औषधी तुपांचा पसारा त्या काळी किती मोठा होता, याचा एक पुरावा फार दूर सापडला. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याने भूर्जपत्रांची एक पोथी विकत घेतली. तिच्यातल्या ‘नावनीतक’ या वैद्यकग्रंथात घृतांना स्वतंत्र अध्याय आहे.

कृतीला नेमकी मापे देण्याचे श्रेय आपण शार्ङ्गधराला देऊ. एक भाग कल्क, चार भाग तूप, सोळा भाग द्रव हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण सगळे सांगतात. त्याचा अपवाद मात्र पुष्कळदा विसरला जातो. द्रव म्हणून ताजा रस असेल तर कल्क तुपाच्या आठव्या भागाइतकाच घ्यायचा. म्हणजे एक किलो तुपाला ब्राह्मीचा रस चार लिटर, पण वाटलेल्या औषधींचा गोळा सव्वाशे ग्रॅम. कारण उघड आहे, रसाबरोबर वनस्पतीचा गाळ आधीच भरपूर आलेला असतो. हे सारे मंद आचेवर चढवतात आणि एका दिवसात उरकत नाहीत. रसाने सिद्ध होणारे तूप तीन दिवस घेते, अशी परंपरा आहे. शेवटच्या टप्प्यावर भांड्यापासून हलता येत नाही. कल्क बोटांत वळून पाहावा. चिखलासारखा बोटाला लागला तर पाक कच्चा, न चिकटता मऊ वात वळली तर मध्यम, वळतानाच भुगा होऊ लागला तर खर. पोटात घेण्याच्या तुपाला चरक मध्यम पाक सांगतो, खर पाक अंगाला चोळण्यापुरता. त्याही पुढे गेलेले तूप जळलेले, ते टाकूनच द्यावे. वातीचा कण विस्तवावर धरल्यावर तडतडला तर आत पाणी शिल्लक आहे. फेसाची खूण तर मोठी मजेदार आहे: तेल सिद्ध होते तेव्हा फेस येतो, तूप सिद्ध होते तेव्हा फेस बसतो. तेलावर हात बसलेला माणूस तूप करायला बसला की इथे हमखास चुकतो. मग गरम असतानाच ते फडक्यातून गाळतात.

तडतडणाऱ्या त्या थेंबभर पाण्यातच साठवणीची सगळी गोष्ट आहे. पाणी आणि वनस्पतीचा गाळ राहिला की बुरशी धरते; उजेड, हवा आणि उष्णता मिळाली की तूप खवट होते. तांब्या-पितळेचा उघडा स्पर्श त्या खवटपणाला घाई करतो. म्हणून काचेची किंवा चिनीमातीची कोरडी बरणी, घट्ट झाकण, अंधारी जागा आणि कोरडा चमचा. इथे एक विरोधाभास आपल्या लक्षात येईल. साधे तूप जुने होऊन औषध ठरते, सिद्ध घृत मात्र जुने होऊन हीनवीर्य होते. शार्ङ्गधराने त्याला चार महिन्यांची मर्यादा घातली, पण ते चार महिने नुसते की वर्षावरचे चार, यावर अर्थ लावणाऱ्यांचे एकमत झाले नाही. आजच्या भारतीय औषध नियमांनी तो वाद बाजूला ठेवून घृताला दोन वर्षे दिली आहेत.

१९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे १९४० च्या औषध कायद्याखाली आली. पुढे १९७८ साली सरकारी आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग निघाला आणि त्यात ब्राह्मीघृताचा पाठ घेतला गेला तो वाग्भटाचा. आपल्या घरांत मात्र हे नाव वेगळ्याच वाटेने पोहोचले होते. आकडीचे औषध हळूहळू मुलांच्या स्मरणशक्तीचे तूप झाले, आणि मात्रा वैद्याऐवजी आजीचा चमचा ठरवू लागला. त्यात ब्राह्मी म्हणजे नक्की कोणती, हा गोंधळ आहेच: कुणी पाणथळ जागची जलब्राह्मी घेतो, कुणी मंडूकपर्णी. वेखंड तर आपल्या बाळगुटीतले, पण त्यातल्या असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. आकडी येणाऱ्या मुलाची चालू गोळी बंद करून त्या जागी हे तूप देणे तर सरळ धोक्याचे आहे. तेव्हा बरणी घरी आणलीच असेल, तर झाकण उघडण्याआधी घटकांच्या यादीत दंती आणि निशोत्तर आहेत का ते पाहा, तयार केल्याची तारीख वाचा, आणि ती बरणी घेऊनच वैद्याकडे जा.