कुटू नयेत अशा गोळ्या

वडीलधाऱ्यांना गोळी गिळवत नसली की आपल्याकडे खलबत्ता पुढे येतो. पुष्कळ साध्या गोळ्यांना ते चालते. मात्र नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर किंवा रिटार्ड असे छापले असेल, तर ती गोळी कुटू नये, चावूही नये.

रक्तदाबासाठी दिवसातून एकदा घ्यायची 30 मिलिग्रॅमची निफेडिपिन पाहू. तिच्यातले औषध दिवसभर थोडेथोडे सुटावे अशी तिची बांधणी असते. कुटली की ती बांधणी मोडते आणि दिवसभराचे औषध थोड्याच वेळात रक्तात उतरते. दाब एकदम खाली येतो, छाती धडधडते, उठताना चक्कर येते. वयस्कर माणूस पडतोही. रात्रीपर्यंत औषध संपते आणि दाब पुन्हा चढतो. सकाळी चक्कर आणि रात्री चढा दाब असे दिसले, तर गोळी कशी दिली जाते हे डॉक्टरांना आधी सांगावे. नाहीतर मात्रा वाढायची!

अशा वेळी औषध बदलून मिळू शकते. अम्लोडिपिन शरीरातच सावकाश ओसरते, म्हणून तिची साधी गोळीही दिवसभर पुरते आणि गरज पडल्यास कुटता येते. हा बदल डॉक्टरांनीच करावा.

मेटोप्रोलॉलच्या काही एक्सएल गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत. औषधविक्रेत्याला विचारावे.

साध्या पाण्यानेही ठसका लागत असेल, तर अडचण गोळीची नाही. गिळण्याचीच तपासणी करून घ्यावी.