‘जाता जाता तेवढे करून द्या!’

घराच्या अंतर्गत सजावटीचे काम घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने हे वाक्य ऐकलेले असते. स्वयंपाकघर आणि दोन कपाटे एवढेच काम ठरलेले असते. सुतार घरात असताना घरमालक आपुलकीने म्हणतात, ‘‘ताई, कपाटावर लॉफ्टची दारेही बसवून टाका. सुतार आहेतच, प्लायही उरलेच असेल.’’ मागणीमागे लबाडी नसते. त्या दारांचा खर्च त्यांना दिसत नाही, इतकेच.

हा खर्च प्रथम स्वतः मांडून पाहावा. उदाहरणादाखल, मूळ काम ३ लाख ६० हजारांचे असून त्यातून ३६ हजार रुपये सुटणार आहेत, असे धरू. दहा फूट रुंद व दोन फूट उंच लॉफ्ट म्हणजे २० चौरस फुटांची दारे. दरपत्रकातील ९०० रुपये दराने त्यांची किंमत १८ हजार होते. आठ बाय चारची प्लायवूडची नवी शीट, लॅमिनेट, बिजागऱ्या आणि दोन सुतारांची तीन दिवसांची मजुरी मिळून प्रत्यक्ष खर्च १३ हजारांच्या घरात जातो. हे काम फुकट केल्यास नफ्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग जातो, शिवाय ताबा तीन दिवसांनी लांबतो तो वेगळाच.

उत्तर देण्यापूर्वी दरपत्रक पुन्हा वाचावे. त्यात ‘छतापर्यंत कपाट’ असे लिहिलेले असेल, तर लॉफ्टची दारे हे अधिकचे काम नव्हे. ती आपलीच जबाबदारी ठरते. मजकूर संदिग्ध असेल आणि चूक आपली असेल, तर ती निमूटपणे मान्य करावी. नकार शोभतो तो कागद स्पष्ट असतानाच.

सर्वाधिक नुकसान ‘बघू’ आणि ‘होऊन जाईल’ या दोन उत्तरांनी होते. बोलणाऱ्याला तो सौम्य नकार वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र होकार ऐकू येतो. म्हणून तोंडी एवढेच सांगावे, ‘‘कल्पना चांगली आहे. हे आपल्या ठरलेल्या कामात नाही, तेव्हा हिशेब करून संध्याकाळपर्यंत कळवते.’’ सुतारालाही बजावून ठेवावे, की मापे आपल्याकडून आल्याशिवाय करवत चालवायची नाही. अनेकदा होकार त्याच्याच तोंडून गेलेला असतो.

संध्याकाळी पाठवायचा मजकूर असा असू शकतो:

‘काका, लॉफ्टला दारे लावल्यास धूळ बसणार नाही, हे अगदी खरे. आपल्या दरपत्रकात ती धरलेली नाहीत, त्यामुळे ठरलेल्या रकमेत करता येणार नाहीत. तीन मार्ग आहेत. एक, त्याच दराने १८ हजारांत करून देते. ताबा तीन दिवस पुढे जाईल. दोन, १४ हजारांचे चपलांचे कपाट अजून सुरू केलेले नाही. ते वगळून दारे घेतल्यास फरक फक्त चार हजारांचा. तीन, सध्या तसेच ठेवू; दिवाळीनंतर स्वतंत्र काम म्हणून करता येईल. आपण कळवाल तसे करू. तोवर ठरलेले काम सुरूच आहे.’

यात ‘जमणार नाही’ हे एकदाच आणि कारणासह येते. निवड मात्र काकांच्या हाती राहते. दिलगिरीचा पाढा नाही. पुन्हा पुन्हा क्षमा मागितली, की ग्राहकाला वाटते, रेटून धरले तर काम होईल. होकार आला तर तो लेखी घ्यावा, थोडी आगाऊ रक्कम घ्यावी आणि मगच माल मागवावा.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ त्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यावा लागतो. पण काम फुकटचे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो आणि नाते तोवर संपलेले असते. संध्याकाळचा तो संदेश त्याहून स्वस्त पडतो.

कधी तरी एखादी खुंटी, एखादा आरसा मनापासून फुकट द्यावासा वाटतो. जरूर द्यावा, मात्र बिलात त्याची पूर्ण किंमत लिहून खाली तेवढीच सूट दाखवावी. न लिहिलेली भेट पुढच्या वेळी हक्क बनते. ‘मागच्या वेळी केलेच होते की’ हे वाक्य कानी आले, की आपण ती ओळ लिहायला विसरलो होतो, असे समजावे.