एका घुमटाच्या पोटात दुसरा घुमट

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली वारली, तिची ती कबर. तो ताजमहाल डोळ्यापुढे ठेवून बांधला. आज आपण त्या ताजच्या घुमटाच्या आत डोकावू या.

घुमट लांबून दिसावा म्हणून उंच हवा. पण तेवढीच उंची आतून मोकळी ठेवली, तर कबरीपाशी उभ्या माणसाला विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटेल. म्हणून कारागिरांनी दोन घुमट केले. पालथ्या वाटीवर मोठं पातेलं पालथं घालावं, तसे. ताजमध्ये आतला घुमट जमिनीपासून साधारण 25 मीटरवर मिटतो. आपण मान वर करून पाहतो तो हाच. त्याच्या वर मोठी पोकळी आहे आणि तिच्यावर बाहेरचा पांढरा घुमट.

बांधायचं कसं? आधी जाड भिंती. त्यांच्या कोपऱ्यांत कमानी घालून वरचा घेर गोल करायचा. त्या घेरावर आतला घुमट विटा आणि चुन्यात, एकावर एक कडी रचत मिटवायचा. मग त्याच्या बाहेरून भिंत गोल वर न्यायची, ही घुमटाची मान. बाहेरचा घुमट या मानेवर उभा राहतो, आतल्या घुमटावर त्याचा भार पडत नाही. घुमट आपल्या वजनानं पायाशी बाहेर फाकू पाहतो. म्हणून मान जाड ठेवतात. ती कमी पडली, तर पायापासून वर जाणाऱ्या उभ्या भेगा दिसतात.

दुसरी अडचण पाण्याची. 1652 च्या डिसेंबरात दख्खनच्या सुभेदारीवर येताना औरंगजेब आग्र्याला थांबला. आईची कबर पाहून त्यानं बापाला, शहाजहानला, पत्र लिहिलं की पावसाळ्यात घुमट उत्तरेकडून दोन ठिकाणी गळला. काम सुरू होऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. डागडुजी झाली आहे, पण ती टिकली का ते पुढच्या पावसात कळेल, असंही त्यानं लिहिलं.

एकेरी छत गळलं की ओल लगेच दिसते. दुहेरी घुमटात बाहेरून शिरलेलं पाणी आधी आतल्या घुमटाच्या पाठीवर पडतं, उतारानं वाहतं आणि भलतीकडेच डाग दिसतो. म्हणजे डाग खाली दिसला, तरी भोक त्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. त्यासाठी अशा घुमटांच्या पोकळीत शिरायला छोटी वाट ठेवत. माणूस आत जाऊन दोन्ही घुमट जवळून तपासू शके.

पुढे मकबरा बांधणारा अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमदचा मुलगा. घुमटाची ही विद्या बापाकडून मुलाकडे अशी आपल्या मराठवाड्यात आली.