विधान, कारण आणि मधला ‘म्हणून’

लातूर-नांदेडात भौतिकशास्त्र शिकवायला लागलेल्या नव्या शिक्षकाकडे हे काम फार लवकर येते. ‘करंट इलेक्ट्रिसिटी’ संपत आलेले असते, रविवारी टेस्ट असते, आणि विभागप्रमुख सांगतात, “ए-आरचे दहा प्रश्न काढून द्या.” काम सोपे वाटते. एक विधान, एक कारण, खाली चार ठरलेले पर्याय. गणिती प्रश्नासारखे आकडे जुळवायचे नसतात आणि चकवणारे चुकीचे पर्यायही शोधावे लागत नाहीत. या कामात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना पहिल्यांदा हेच सांगावेसे वाटते की, पर्याय तयार मिळतात म्हणूनच इथे सगळा भार दोन वाक्यांवर येतो. त्यातला एक शब्द सैल राहिला, तर चारपैकी दोन पर्याय बरोबर ठरू शकतात.

आपल्या भागात हा प्रकार तसा उशिरा रुजला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाची स्थापना 1970 ची.  तिथे घडलेल्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव ज्या काळात महाराष्ट्रभर गेले, तेव्हा कस लागायचा तो बोर्डाच्या लेखी उत्तरांचा. व्युत्पत्ती पाठ, व्याख्या नेमकी, आकृती स्वच्छ. नंतर सीईटी आली, पण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसत. ए-आर ही खास ओळख होती ती दिल्लीच्या एम्सच्या प्रवेश परीक्षेची. ती 2019 मध्ये शेवटची झाली आणि पुढच्या वर्षीपासून नीटमध्ये विलीन झाली. त्यानंतर असे प्रश्न नीटमध्ये आणि जेईई मेनमध्येही येऊ लागले. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकल्यास 1 जातो.

हा इतिहास प्रश्न काढणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. एम्सच्या जुन्या संचांत शेवटचा पर्याय बहुधा ‘दोन्ही चूक’ असा असे. नीट आणि जेईईच्या प्रचलित चौकटीत तो नसतो, त्याजागी ‘विधान चूक, कारण बरोबर’ असते. जुन्या पुस्तकातला प्रश्न तसाच उचलला आणि त्यात दोन्ही वाक्ये चुकीची असली, तर मुलांसमोर उत्तर नसलेला प्रश्न जातो. म्हणून लिहायला बसताना चौकट आधी समोर ठेवावी आणि वाक्ये नंतर सुचू द्यावीत.

आता चार पर्यायांकडे पाहू. ‘विधान बरोबर, कारण चूक’ आणि ‘विधान चूक, कारण बरोबर’ या दोन्हींत विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्य वेगळे तपासले की पुरते. 2022 च्या नीटमध्ये स्प्रिंगचे ताणले जाणे कर्तन गुणांकावर ठरते असे विधान होते. ते बरोबरच आहे, कारण स्प्रिंग ताणताना तिची तार मुख्यतः पिळली जाते. कारणाच्या जागी तांब्याच्या आणि पोलादाच्या स्प्रिंगच्या ताकदीची तुलना होती आणि ती चुकीची होती. दोन वाक्यांचा संबंध तपासायची वेळच आली नाही. असे प्रश्न असावेत, पण ते मुळात एकाला एक जोडलेले दोन ‘चूक की बरोबर’ आहेत. दोन्ही वाक्ये खरी असतात आणि हे त्याचे स्पष्टीकरण आहे की नाही असा प्रश्न पडतो, तिथेच खरा ए-आर सुरू होतो. आपले कौशल्य लागते ते इथे.

एक सूत्र घेऊन बसू. धातूची रोधकता ρ = m/(ne²τ). इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि प्रभार कायम, म्हणजे तापमानाने बदलण्यासारखे दोनच उरतात: मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता n आणि रिलॅक्सेशन टाइम τ, म्हणजे दोन टकरींमधला सरासरी वेळ. विधान असे लिहू: तापमान वाढवले की तांब्याच्या तारेचा रोध वाढतो. त्याखाली कारण: तापमान वाढले की तांब्यातील इलेक्ट्रॉनांचा रिलॅक्सेशन टाइम कमी होतो. दोन्ही खरी, आणि दुसऱ्यातून पहिले निघते. उत्तर, पर्याय पहिला.

विधान तेच ठेवून कारण बदलू: तापमान वाढले की तांब्याच्या तारेची लांबी वाढते. हेही खरे. लांबी वाढली की रोध वाढतो हे मुलांनी शाळेतच शिकलेले असते, त्यामुळे घाईत असलेला मुलगा पहिला पर्याय भरून मोकळा होतो. इथे आपण आकडे मांडून पाहायचे. तांब्याचा रेखीय प्रसरणांक अंशाला सुमारे 0.000017, तर रोधाचा तापमान गुणांक सुमारे 0.0039. तापमान 50 अंशांनी वाढले तर रोध जवळपास 20 टक्क्यांनी वाढतो, आणि लांबी मात्र 0.1 टक्काही वाढत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तार फक्त लांबत नाही, जाडही होते. लांबी जेवढ्या टक्क्याने वाढते त्याच्या दुप्पट टक्क्याने काटछेदाचे क्षेत्रफळ वाढते. म्हणजे रोधकता तीच धरली, तर नुसत्या प्रसरणाने रोध किंचित कमीच व्हायला हवा. कारण खरे आहे, पण ते विधानाच्या उलट दिशेला ओढते. पर्याय दुसरा, आणि त्यावर कोणालाही वाद घालता येणार नाही. दुसऱ्या पर्यायाचा प्रश्न असाच हवा. कारण विधानाच्या जवळचे वाटले पाहिजे, आणि ते स्पष्टीकरण का नाही हे हिशोबाने दाखवता आले पाहिजे. विधान तांब्याचे आणि कारण ओमच्या जन्मगावाचे, असा प्रश्न कोणालाच चकवत नाही.

तिसऱ्या पर्यायासाठी मी सुरुवातीला कारण लिहिले होते, ‘तापमान वाढले की मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता कमी होते.’ ते चूक, असे धरून उत्तरसूची दिली. टेस्टनंतर एक मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, तार फुगली, इलेक्ट्रॉन तेवढेच राहिले, मग घनता थोडी कमी झालीच की.” तिचे म्हणणे खरे होते. आकारमान वाढते, म्हणजे n अत्यल्प का होईना पण घटते. शिकवताना आपण ‘धातूत n कायम’ म्हणतो तेव्हा तो अंदाज असतो, आणि अंदाजाच्या आधारावर एखादे वाक्य ‘चूक’ ठरवणे धोक्याचे असते. तो प्रश्न आम्ही रद्द केला. आता तिथे ‘रिलॅक्सेशन टाइम वाढतो’ असे लिहितो. ते निर्विवाद चूक आहे.

चौथ्यासाठी विधान बदलावे: तापमान वाढवले की शुद्ध सिलिकॉनचा रोध वाढतो. हे चूक. कारण मात्र पहिलेच ठेवावे, फक्त तांब्याच्या जागी सिलिकॉन: तापमान वाढले की रिलॅक्सेशन टाइम कमी होतो. अर्धवाहकातही हे खरेच आहे. पण तिथे प्रभारवाहकांची संख्या इतक्या झपाट्याने वाढते की τ मधली घट तिच्यापुढे फिकी पडते. एका सूत्रातून चारही पर्यायांचे प्रश्न निघाले. युनिटमधून प्रश्न काढायचे म्हणजे परिच्छेदातली सुटी वाक्ये वेचायची नाहीत. एक संबंध धरायचा आणि त्यातली एकेक राशी हलवून पाहायची.

‘योग्य स्पष्टीकरण’ म्हणजे काय, इथे मराठीचा एक अडथळाही आहे आणि एक मदतही. अडथळा असा की दुसऱ्या वाक्याचे नावच आपण ‘कारण’ ठेवले आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले मूल ते वाचण्याआधीच मान्य करून बसते. मदत ‘म्हणून’ या शब्दाची. आधी कारण वाचा, मग ‘म्हणून’ म्हणा, मग विधान. रिलॅक्सेशन टाइम घटला, म्हणून रोध वाढला: बसते. तार लांबली, म्हणून रोध वाढला: अडखळते.

पण ‘म्हणून’ एका ठिकाणी फसवतो. ‘या तारेचे तापमान वाढले आहे’ हे विधान आणि ‘या तारेचा रोध वाढला आहे’ हे कारण घ्या. रोध वाढला, म्हणून तापमान वाढले असणार, हे वाक्य ऐकायला बरोबर लागते. प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक याच तत्त्वावर चालतो. आपल्या न्यायशास्त्राने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे हे आपण जाणतो, पण धुराने अग्नी पेटवलेला नसतो. काही हेतू गोष्ट घडवतात, काही नुसती कळवतात. भौतिकशास्त्राच्या ए-आरमध्ये पहिल्या पर्यायासाठी घडवणारा हेतूच घ्यावा. कळवणारा हेतू समोर आला तर चांगल्या मुलांचेही दोन तट पडतात, म्हणून असा प्रश्न संचात ठेवूच नये.

तट पडले आहेत हे ओएमआरच्या निकालातून ओळखता येते. समजा 100 मुलांनी टेस्ट दिली. एकूण गुणांनुसार वरची 27 आणि खालची 27 मुले वेगळी काढावीत. 27 टक्क्यांची ही रीत ट्रूमन केली यांनी 1939 मध्ये मांडली आणि ती अजूनही वापरली जाते. मग त्या एका प्रश्नाला दोन्ही गटांनी कोणते पर्याय भरले ते मोजावे. उत्तर दुसरा पर्याय असेल आणि वरच्यांनी बहुतेक तोच भरला व खालच्यांनी पहिला, तर प्रश्नाने आपले काम केले. वरचीच 13 एका बाजूला आणि 14 दुसऱ्या बाजूला असतील, तर चूक मुलांची नसते. वाक्य उघडून बघावे.

माझ्या एका प्रश्नाचे असेच झाले. विधान: वाहकातील इलेक्ट्रॉनांची ड्रिफ्ट व्हेलॉसिटी फार कमी असते. कारण: वाहकात मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता फार जास्त असते. दोन्ही खरी. तांब्यात घनता सुमारे 8.5×10²⁸ प्रति घनमीटर. बारीक तारेतून दीड अँपिअर गेला तरी इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात. मी उत्तर पहिले दिले होते, कारण माझ्या डोळ्यांसमोर v = I/(neA) हे सूत्र होते. शेजारच्या वर्गाच्या सरांनी v = eEτ/m लिहून दाखवले, आणि त्यात n कुठेच नव्हता. धारा ठरलेली असेल तर मी बरोबर होतो, विद्युतक्षेत्र ठरलेले असेल तर ते. माझ्या वाक्यात यातले काहीच ठरलेले नव्हते. आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिले.

विधान: सारख्या काटछेदाच्या दोन तारांमधून सारखी विद्युतधारा जात असताना, ज्या तारेत मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता जास्त तिच्यात ड्रिफ्ट व्हेलॉसिटी कमी असते. कारण: ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक धारा वाहण्यासाठी घनता आणि ड्रिफ्ट व्हेलॉसिटी यांचा गुणाकार कायम राहावा लागतो.

विधान लांबले. पुढच्या टेस्टला वरच्या गटाने एकमताने पहिला पर्याय भरला.